नंबर वन, पण कोणत्या आठवड्यात आणि कोणांमध्ये?

मराठी मालिकांच्या जगात गुरुवार हा निकालाचा दिवस असतो. त्या दिवशी मागच्या आठवड्याचे आकडे येतात आणि निर्मात्यापासून लेखकापर्यंत सगळ्यांचे फोन खणखणू लागतात. कथानकाला कलाटणी द्यायची का, नायिकेचं लग्न पुढे ढकलायचं का, एखादी मालिका साडेआठवरून सहावर हलवायची का, अशा निर्णयांवर या आकड्यांची सावली असते. संध्याकाळपर्यंत पडद्यावर सोनेरी अक्षरं झळकतात : ‘महाराष्ट्राची नंबर वन मालिका’. गंमत म्हणजे त्याच संध्याकाळी दुसरी वाहिनीही स्वतःला नंबर वन म्हणवते, आणि तिसरी आपल्या रात्री दहाच्या मालिकेला तोच किताब बहाल करते.

प्रेक्षकाला वाटतं, यातलं कोणीतरी खोटं बोलत असणार. बहुतेक वेळा तसं नसतं. तिघंही खरं बोलत असू शकतात, पण तिघांनीही वाक्य अर्धंच उच्चारलेलं असतं. उरलेलं अर्धं पडद्याच्या तळाशी बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं आणि वाचून व्हायच्या आत निघून जातं. ‘स्रोत : बार्क, महाराष्ट्र-गोवा, शहरी अधिक ग्रामीण, 15 वर्षांवरील, आठवडा अमुक, सरासरी इतके हजार’ अशा धर्तीची ती ओळ असते. खरा दावा त्या ओळीत असतो. वरची मोठी अक्षरं ही जाहिरात.

ती ओळ समजून घ्यायची तर मोजमाप कुठून सुरू होतं ते पाहायला हवं. भारतात दूरचित्रवाणीची अधिकृत मोजणी ‘ब्रॉडकास्ट ऑडियन्स रिसर्च कौन्सिल’ म्हणजे बार्क करते. वाहिन्या, जाहिरातदार आणि जाहिरात संस्था या तिघांच्या संघटनांनी मिळून ती उभी केली. त्यात वाहिन्यांच्या संघटनेचा वाटा 60 टक्के, तर उरलेल्या दोघांचा प्रत्येकी 20 टक्के. बार्कचे साप्ताहिक आकडे 2015 च्या एप्रिलपासून येऊ लागले. त्याआधी हे काम टॅम ही कंपनी करत असे. जुन्या मालिकांच्या ‘विक्रमी टीआरपी’च्या ज्या आठवणी निघतात, त्या त्याच काळातल्या.

बार्क सगळी घरं मोजत नाही, मोजू शकतही नाही. केंद्र सरकारने 2025 च्या जुलैत दिलेल्या माहितीनुसार देशात सुमारे 23 कोटी घरांत दूरचित्रवाणी संच आहेत आणि मोजणीची यंत्रं बसवलेली आहेत साधारण 58 हजार ठिकाणी. टक्केवारीत हे 0.025 भरतं, म्हणजे चार हजार घरांमागे एक घर. या घरांची ओळख गुप्त ठेवली जाते आणि ठरावीक काळाने त्यातली काही घरं बदलली जातात.

त्या घरातल्या टीव्हीला एक छोटं यंत्र जोडलेलं असतं. प्रत्येक सहभागी वाहिनी आपल्या आवाजात माणसाच्या कानाला ऐकू न येणारी खूण मिसळून प्रक्षेपण करते. यंत्र ती खूण ओळखतं आणि कोणत्या मिनिटाला कोणती वाहिनी लागली होती याची नोंद ठेवतं. टीव्ही चालू आहे हे यंत्राला कळतं, पण समोर कोण बसलंय हे आपोआप कळत नाही. त्यासाठी वेगळा रिमोट असतो आणि त्यावर घरातल्या प्रत्येकाचं एक बटण. आजी टीव्हीसमोर येऊन बसल्या की त्यांनी आपलं बटण दाबायचं, उठताना पुन्हा दाबायचं. पाहुणे आले तर त्यांच्यासाठीही सोय असते. आजी बटण विसरल्या तर त्या आकडेमोडीपुरत्या घरात नसतात, आणि बटण न बदलता स्वयंपाकघरात गेल्या तर तिथूनही मालिका ‘पाहत’ राहतात. सगळ्या व्यवस्थेतला हा सर्वांत कच्चा दुवा आहे. त्याला तांत्रिक उपाय मर्यादितच आहेत, कारण शेवटी एका माणसाने बटण दाबायचं असतं.

आता एका घरातला हिशोब मांडून पाहू. मालिकेचा भाग 30 मिनिटांचा आहे. आजींनी तो पूर्ण 30 मिनिटं पाहिला. आईने 20 मिनिटं. बाबांनी जेवताना 9 मिनिटं. मुलगा रिमोट शोधत एक मिनिट थांबला आणि निघून गेला. या घरात मालिका किती जणांनी पाहिली?

दोन उत्तरं आहेत आणि दोन्ही बरोबर आहेत. किमान एक मिनिट पाहणाऱ्या सगळ्यांना धरलं तर चार. याला धंद्यात ‘रीच’ म्हणतात. पण प्रत्येकाने पाहिलेली मिनिटं मिळवून त्यांना भागाच्या लांबीने भागलं, तर 30 अधिक 20 अधिक 9 अधिक 1 म्हणजे 60, भागिले 30, उत्तर 2. भागाच्या कोणत्याही एका मिनिटाला सरासरी दोन माणसं समोर होती. याचं नाव ‘ॲव्हरेज मिनिट ऑडियन्स’, थोडक्यात एएमए. बार्क दर आठवड्याला जाहीर करते ते आकडे याच एककात, हजारांमध्ये असतात. हाच आकडा त्या गटातल्या एकूण लोकसंख्येच्या टक्केवारीत सांगितला की त्याला टीव्हीआर म्हणतात. बोलीभाषेतला ‘टीआरपी’ बहुधा हाच. वाहिनीच्या संपूर्ण आठवड्यातल्या अर्ध्या-अर्ध्या तासांचे टीव्हीआर मिळवले की जीआरपी होतो.

एकाच घरात चार आणि दोन असा दुपटीचा फरक पडला. म्हणूनच ‘इतक्या कोटी लोकांनी पाहिलं’ असं वाक्य आलं की पहिला प्रश्न असा विचारायला हवा, की एक मिनिट डोकावलेले धरून की सरासरी? रीचचा आकडा नेहमीच मोठा आणि देखणा असतो. नवी मालिका सुरू होताना, मोठ्या जाहिरातबाजीनंतर, वाहिन्यांना तोच सांगायला आवडतो. लोक डोकावले हे त्यातून कळतं. ते बसून राहिले का, हे कळत नाही.

तळओळीतला पुढचा भाग म्हणजे बाजारपेठ. मराठी वाहिन्यांसाठी बार्क जी यादी सार्वजनिक करते ती महाराष्ट्र आणि गोवा एकत्र धरून, शहरी अधिक ग्रामीण, सर्व आर्थिक गट आणि दोन वर्षांवरील सर्व व्यक्ती अशा मापाची असते. याचा एक परिणाम सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. बेळगाव, इंदूर किंवा बडोद्यातलं एखादं मराठी कुटुंब रोज रात्री नेमाने मराठी मालिका पाहत असलं, तरी ते या यादीत नाही. बेळगावचं घर कर्नाटकाच्या बाजारपेठेत मोडतं. अमेरिकेतले किंवा आखातातले मराठी प्रेक्षक तर भारतातल्या मोजणीच्या बाहेरच आहेत. आणि जी मंडळी मालिका दुसऱ्या दिवशी लोकलमध्ये मोबाइलवर, ॲपवर पाहतात, तीही टीव्हीच्या या आकड्यात येत नाहीत. तेव्हा ‘जगभरातल्या मराठी माणसांची पहिली पसंती’ असं वाक्य बार्कच्या साप्ताहिक यादीवर उभं करता येत नाही. ती यादी दोन राज्यांतल्या टीव्ही संचांपुरती बोलते.

शहर आणि गाव यांची बेरीज तर याहूनही नाजूक. एक काल्पनिक पण हुबेहूब घडणारं उदाहरण घेऊ. दोन मालिका आहेत. पहिली शहरात 6 टक्के लोक पाहतात, गावात 3 टक्के. दुसरी शहरात 4 टक्के आणि गावात साडेपाच टक्के. शहरी यादीत पहिली मालिका आरामात पुढे, ग्रामीण यादीत दुसरी. एकत्र यादीत कोण जिंकेल?

टीव्ही पाहणारी लोकसंख्या शहर-गावात निम्मी निम्मी धरली तर पहिलीला 4.5 आणि दुसरीला 4.75 मिळतात. दुसरी नंबर वन. पण लोकसंख्येचा अंदाज सुधारला आणि शहराचा वाटा 60 टक्के ठरला, तर पहिलीला 4.8 आणि दुसरीला 4.6. आता पहिली नंबर वन. दोन्ही वेळी प्रेक्षकांनी तेच पाहिलं, तितकंच पाहिलं. एकाही घरात रिमोटचं बटण वेगळं दाबलं गेलं नाही. बदलला तो फक्त कोणाचं वजन किती हा अंदाज.

हा अंदाज खरोखरच बदलत असतो. बार्क मोठं सर्वेक्षण करून टीव्ही असलेल्या घरांची आणि माणसांची संख्या ठरवते. 2018 च्या सर्वेक्षणात देशात 19.7 कोटी टीव्हीघरं आणि 83.6 कोटी प्रेक्षक धरले होते. 2020 चा अंदाज 21 कोटी घरं आणि 89.2 कोटी प्रेक्षक असा झाला. ज्या आठवड्यापासून नवा अंदाज लागू होतो, त्या आठवड्याच्या आधीचे आणि नंतरचे आकडे शेजारी ठेवून ‘आमचे प्रेक्षक वाढले’ म्हणणं म्हणजे मापच बदलल्यावर वजन वाढल्याचा आनंद मानणं. दाव्याला तारीख का हवी, याचं पहिलं उत्तर इथे आहे.

दुसरं, जास्त नाट्यमय उत्तर हिंदी वाहिन्यांनी देऊन ठेवलं आहे. 2015 च्या ऑक्टोबरपर्यंत साप्ताहिक आकड्यांत ग्रामीण भारत नव्हता. तो आला आणि यादीच उलथीपालथी झाली. डीडी फ्री डिशवर फुकट दिसणाऱ्या, जुन्या मालिका पुन्हा दाखवणाऱ्या झी अनमोलसारख्या वाहिन्या मोठमोठ्या सशुल्क वाहिन्यांच्या पुढे गेल्या. शहरात ज्या वाहिनीचं नावही फारसं कोणाच्या तोंडी नव्हतं, ती एकत्र यादीत वर दिसू लागली. मग 1 मार्च 2019 ला मोठ्या समूहांनी आपल्या या फुकट वाहिन्या फ्री डिशवरून काढून घेतल्या, तेव्हा ती जागा दंगल या वाहिनीने पटकावली आणि ती यादीत पहिली आली. मधल्या काळात प्रेक्षकांची आवड बदलली होती असं कोणी म्हणणार नाही. वाहिनी घरात पोचण्याचा रस्ता बदलला होता. फेब्रुवारी 2019 चा नंबर वन आणि एप्रिल 2019 चा नंबर वन या दोन वेगळ्या परिस्थितींमधल्या गोष्टी आहेत. तारखेशिवाय त्या दोन्ही सारख्याच दिसतात.

पुढच्याच वर्षी याहून मोठं उदाहरण घडलं. टाळेबंदीत चित्रीकरणं थांबली आणि खासगी वाहिन्यांकडे नवे भाग उरले नाहीत. 28 मार्च 2020 पासून दूरदर्शनने रामानंद सागर यांचं ‘रामायण’ पुन्हा दाखवायला घेतलं. 28 मार्च ते 3 एप्रिल हा बार्कच्या हिशोबाचा पूर्ण आठवडा होता, कारण हा आठवडा शनिवारी सुरू होऊन शुक्रवारी संपतो. त्या एका आठवड्यात डीडी नॅशनल हिंदी मनोरंजनाच्या यादीत थेट पहिल्या क्रमांकावर पोचलं. ‘दूरदर्शन देशात नंबर वन’ हे विधान त्या तारखांसह शंभर टक्के खरं आहे. तारखा काढून टाकल्या तर आजच्या वाचकाला ते विनोदी वाटेल.

याच ‘रामायणा’वरून दूरदर्शनने 30 एप्रिल 2020 ला आणखी एक दावा केला. 16 एप्रिलला ही मालिका 7.7 कोटी लोकांनी पाहिली आणि ती जगातला सर्वाधिक पाहिला गेलेला मनोरंजन कार्यक्रम ठरली, असा. इथे तारीख आहे, आकडाही आहे. तरीही दावा तपासणीत टिकत नाही. अमेरिकेत 28 फेब्रुवारी 1983 ला दाखवलेला ‘मॅश’ मालिकेचा शेवटचा भाग 10 कोटींहून अधिक लोकांनी पाहिल्याची नोंद जुनी आणि प्रसिद्ध आहे. शिवाय 7.7 कोटी हा आकडा डोकावणाऱ्यांचा की सरासरीचा, याचा घोषणेत उल्लेख नव्हता. ‘भारतात त्या आठवड्यात सर्वाधिक’ एवढंच म्हटलं असतं तरी ते पुरेसं थोर होतं.

मराठीत हीच टाळेबंदी उंबरठ्यासारखी ठरली. 2020 च्या जुलैत नवे भाग पुन्हा सुरू झाले, आणि त्यानंतरच्या वर्षभरात मराठी मनोरंजन वाहिन्यांचं चित्र पालटलं. 1999 साली अल्फा मराठी म्हणून सुरू झालेल्या झी मराठीने अनेक वर्षं अग्रस्थान सांभाळलं होतं. 2008 साली सुरू झालेली स्टार प्रवाह 2021 मध्ये तिच्या पुढे होती. आता समजा, 2019 मधली झी मराठीची आणि 2021 मधली स्टार प्रवाहाची अशा दोन जुन्या जाहिराती कोणाच्या हाती लागल्या. दोन्हींवर ‘महाराष्ट्राची नंबर वन वाहिनी’ असेल आणि दोन्ही आपापल्या वेळी खऱ्या असतील. मालिकांचंही तेच. 2022 च्या डिसेंबरात सुरू झालेली ‘ठरलं तर मग’ 2023 मध्ये बराच काळ यादीच्या वर होती. हे वाक्य 2023 या शब्दामुळे माहिती ठरतं. तो काढला तर नुसती स्तुती उरते.

आता तळओळीतल्या सर्वांत लवचीक तुकड्याकडे येऊ : प्रेक्षकगट. ‘15 वर्षांवरील’, ‘महिला 22 ते 40’, ‘एनसीसीएस ए-बी’ अशा शब्दांत तो लिहिलेला असतो. यातलं एनसीसीएस म्हणजे घरांची आर्थिक प्रतवारी, आणि ती उत्पन्न विचारून ठरत नाही. लोक उत्पन्न सांगत नाहीत किंवा खरं सांगत नाहीत, हे सर्वेक्षणवाल्यांना फार पूर्वीच कळलेलं आहे. म्हणून दोन गोष्टी पाहतात : घरातल्या मुख्य कमावत्या माणसाचं शिक्षण, आणि 11 वस्तूंच्या यादीतल्या किती घरात आहेत. वीजजोडणी, छताचा पंखा, गॅसची शेगडी, दुचाकी, रंगीत टीव्ही, फ्रिज, धुलाईयंत्र, संगणक, मोटार, एसी, आणि शेतजमीन. हो, शेतजमीनसुद्धा. या दोन उत्तरांच्या जुळणीवरून घर ए ते ई यांपैकी एका वर्गात बसतं.

जाहिरातदाराला या गटांचा खरा उपयोग असतो. धुलाईयंत्र विकणाऱ्याला दोन वर्षांच्या मुलाने मालिका पाहिली का यात रस नाही. त्याला शहरातल्या ए आणि बी वर्गातल्या बायका हव्या असतात, आणि तो त्याच गटाचा आकडा विकत घेतो. त्यामुळे वेगवेगळ्या गटांत वेगवेगळ्या मालिका पुढे असणं यात लबाडी काहीच नाही. लबाडी सुरू होते ती उलट्या क्रमाने. आधी आपण कुठे पहिले येतो ते शोधायचं आणि मग तो गट जाहिरातीत बसवायचा. वय, लिंग, आर्थिक वर्ग, शहर-गाव, वेळ आणि वार यांच्या जोड्या शेकडो होतात. इतक्या खिडक्यांतून पाहिलं तर एका तरी खिडकीतून प्रत्येक वाहिनी पहिली दिसतेच. ‘मुंबईत, ए-बी वर्गात, 22 ते 30 वयाच्या पुरुषांमध्ये, शनिवार-रविवार रात्री साडेनऊ ते दहा’ असा नंबर वन खरा असतो, पण तो कसा सापडला असेल हे वाचतानाच कळतं.

गट जितका बारीक करावा तितका एक वेगळाच धोका वाढतो, आणि तो साध्या गणितातून दिसतो. समजा एखाद्या गटात नमुन्यातली 1,000 माणसं आहेत आणि एखादी मालिका त्यातल्या 20 जणांनी पाहिली. टीव्हीआर झाला 2. पण नमुन्यात योगायोगाने कोण आलं यामुळे हा आकडा दोन्ही बाजूंना सुमारे 0.9 ने हलू शकतो. म्हणजे खरी टक्केवारी 1.1 ते 2.9 यांच्या दरम्यान कुठेही असू शकते. अशा गटात 2.0 आणि 2.2 यांच्यात पहिला-दुसरा ठरवणं म्हणजे दोन माणसांच्या आवडीवर किताब देणं. त्यातलं एक कुटुंब त्या आठवड्यात लग्नाला गावी गेलं असेल तर निकाल फिरतो. चार आठवड्यांची सरासरी घेतली की हे हेलकावे थोडे कमी होतात, पण पूर्ण जात नाहीत, कारण चारही आठवडे बहुतांशी तीच घरं मोजलेली असतात.

बातम्यांच्या वाहिन्यांचा प्रश्न म्हणूनच वेगळा हाताळला गेला. बातम्या पाहणारे मुळात मालिकांच्या मानाने कमी, त्यात मराठी बातम्यांचे आणखी कमी. 2020 च्या ऑक्टोबरात मुंबई पोलिसांनी टीआरपी फेरफाराचा गुन्हा दाखल झाल्याचं जाहीर केलं. मोजणीच्या घरांना पैसे देऊन ठरावीक वाहिनी लावून ठेवायला सांगितलं जातं, असा त्यातला आरोप होता. ज्या वाहिन्यांची नावं आली त्यांतल्या काहींनी तो ठामपणे फेटाळला, आणि पुढे 2024 मध्ये न्यायालयाने हा खटला मागे घ्यायला परवानगी दिली. पण दरम्यान बार्कने एकेका वृत्तवाहिनीचे आकडे देणं थांबवलं होतं. ते पुन्हा आले 2022 च्या मार्चमध्ये, आणि तेही नव्या रूपात : आठवड्याचा आकडा म्हणून चालू आणि मागच्या तीन अशा चार आठवड्यांची फिरती सरासरी.

या बदलाने ‘या आठवड्यात आम्ही पहिले’ या वाक्याचा अर्थच बदलला. विधानसभेचा निकाल 23 नोव्हेंबर 2024 ला लागला, तो दिवस शनिवार होता, म्हणजे मोजणीच्या आठवड्याचा पहिलाच दिवस. त्या दिवशी सकाळपासून घराघरांत बातम्या लागल्या होत्या. चार आठवड्यांच्या सरासरीत असा एक दिवस महिनाभर मुक्काम करतो. निकालाच्या दिवशी पुढे असलेली वाहिनी डिसेंबरच्या मध्यातही त्या एका दिवसाचं व्याज खात राहू शकते. त्यामुळे वृत्तवाहिनीच्या दाव्यात एकाच आठवड्याचा क्रमांक दिसला, तरी त्यात मागचे तीन आठवडे मिसळलेले आहेत हे धरूनच तो वाचावा लागतो.

आकडा फुगवायला दरवेळी कोणाला पैसे द्यावे लागतात असंही नाही. केबलचा किंवा डीटीएचचा डबा सुरू केला की जी वाहिनी सर्वांत आधी उघडते, ती जागा विकली जाते. टीव्ही लावून रिमोट सापडेपर्यंत मिनिट-दोन मिनिटं गेली की तेवढी मिनिटं त्या वाहिनीच्या खात्यात जमा. दूरसंचार नियामकाने 2018 च्या डिसेंबरात यावर बंदी घालायचा आदेश काढला, दूरसंचार वाद लवादाने तो पुढच्या वर्षी रद्द केला. अशा फुगवट्याची एक खूण असते. रीच अचानक खूप वाढते, पण प्रत्येकाने पाहिलेला सरासरी वेळ घसरतो. लोक आले, पण बसले नाहीत. जो कोणी दावा वाचताना हे दोन्ही आकडे एकत्र मागतो, त्याला हे पटकन दिसतं.

जुन्या मालिकांची तुलना करणाऱ्यांनी एक गोष्ट आणखी ध्यानात घ्यायला हवी. टॅमच्या काळात मोजणी प्रामुख्याने शहरांत होती आणि आकडे सहसा चार वर्षांवरील प्रेक्षकांचे, केबल आणि उपग्रह वाहिन्या असलेल्या घरांपुरते सांगितले जात. आज गाव आहे आणि वय दोनपासून सुरू होतं. वीस वर्षांपूर्वीच्या मालिकेचा टीआरपी आणि आजच्या मालिकेचा टीआरपी यांच्यात छेदच वेगळा आहे. कोणाचा काळ सोन्याचा होता यावर वाद खुशाल घालावा, फक्त त्यात हे दोन आकडे पुरावा म्हणून आणू नयेत.

नियम काय म्हणतात? जाहिरातींवर लक्ष ठेवणारी ‘ॲडव्हर्टायझिंग स्टँडर्ड्स कौन्सिल’, म्हणजे ॲस्की ही मुंबईची संस्था 1985 पासून काम करते. तिच्या संहितेत स्पष्ट लिहिलेलं आहे, की एखादा दावा स्वतंत्र संशोधनावर आधारलेला असल्याचं जाहिरात सांगत असेल, तर त्या संशोधनाचा स्रोत आणि तारीख जाहिरातीत द्यायलाच हवी. तळओळ ही वाहिनीची मेहरबानी नव्हे. तिच्या आकारालाही नियम आहेत : साध्या दर्जाच्या चित्रात अक्षरांची उंची किमान 12 पिक्सेल, हाय डेफिनिशनमध्ये किमान 18. आणि तळओळीने वरच्या दाव्याला छेद देऊ नये, हेही अपेक्षित आहे. वर ‘महाराष्ट्राची नंबर वन’ आणि खाली ‘फक्त शहरी, फक्त एका अर्ध्या तासात’ असं असेल तर खालची ओळ वरच्या ओळीला खोडते आहे.

सर्वसामान्य प्रेक्षकाला यातलं बरंचसं स्वतः तपासता येतं. बार्कच्या संकेतस्थळावर दर गुरुवारी मराठी वाहिन्या आणि कार्यक्रम यांची आठवड्याची क्रमवारी फुकट दिसते. वर तारखा असतात, बाजारपेठ असते, गट असतो. पडद्यावरचा दावा ज्या आठवड्याचा आहे तो उघडायचा आणि जुळवून पाहायचा. जुळला तर उत्तम. जुळला नाही तर लगेच खोटं ठरवायची घाई नको, कारण फुकट यादी फक्त सर्व वर्गांच्या, दोन वर्षांवरील, शहरी-ग्रामीण एकत्र प्रेक्षकांची असते, आणि दावा दुसऱ्या गटाचा असू शकतो. ते गट वर्गणीदारांनाच दिसतात. पण दाव्याखाली आठवडाच लिहिलेला नसेल, गटच सांगितलेला नसेल, तर तो तपासण्याचा कोणताही मार्ग उरत नाही. अशा वेळी पडद्याचं छायाचित्र काढून, वाहिनी आणि वेळ नोंदवून ॲस्कीकडे तक्रार करावी. ती कोणीही करू शकतं आणि तिला पैसे पडत नाहीत.